मंगल कार्यालयातले नऊ टीव्ही आणि चार मिनिटं वीस सेकंद : कामाच्या नोंदी

३ जानेवारी

पौष चालू आहे, लग्नं नाहीत, कार्यालय रिकामं. मालक म्हणाले, "जे काय करायचं ते आत्ताच करा. माघ लागला की तुमाला शिडी लावायला जागा मिळायची न्हाई." कोल्हापुरातल्या कार्यालयांत हीच काय ती सुट्टी.

काम असं आहे. स्टेजवर दोन कॅमेरे, प्रत्येकाला एक एन्कोडर. हॉलबाहेर नऊ टीव्ही : जेवणघरात चार, व्हरांड्यात दोन, गच्चीवर दोन आणि पार्किंगजवळ एक. जेवत बसलेल्या पाव्हण्यांनाही अक्षता कधी टाकायच्या ते दिसावं, एवढीच मागणी. प्रत्येक टीव्हीमागे एक छोटा बॉक्स आणि सगळ्या केबल ऑफिसातल्या २४ पोर्टच्या स्विचमध्ये. त्याच स्विचवर बिलिंगचा पीसी, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, वायफायची डबडी आणि एक जुना प्रिंट सर्व्हर आहे. गच्चीच्या केबलच्या टोकाला पूर्वीच कुणीतरी पाच पोर्टचा साधा स्विच लावून ठेवलाय. त्यावर गच्चीचे दोन्ही टीव्ही आणि तिथलं वायफाय.

एका चॅनेलचा प्रवाह ८ एमबीपीएस. प्रत्येक बॉक्सला वेगळी प्रत पाठवायची म्हटलं तर नऊ बॉक्सना ७२ एमबीपीएस लागतात, आणि आमच्या एन्कोडरचं पोर्ट १०० चं असलं तरी तो एका वेळी चारच जणांना वेगळी प्रत देतो. म्हणून मल्टिकास्ट. एन्कोडर एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर सोडतो आणि ज्याला हवी तो घेतो. पत्ते `239.10.1.1` आणि `239.10.1.2` दिले. `239` ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यातल्या वापरासाठीच राखलेले आहेत.

संध्याकाळी नऊही टीव्ही लागले. चित्र झकास. मालक खूश.

४ जानेवारी

सकाळी फोन. बिल छापत नाही, ऑफिसात वायफाय चालत नाही. एन्कोडर बंद केले की सगळं सुरळीत, चालू केले की परत तेच.

रॅकसमोर उभं राहिल्यावर मीटरची गरज पडली नाही. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत फडफडत होते, ज्या पोर्टचा टीव्हीशी काही संबंध नाही त्यांचेसुद्धा. स्विचच्या सेटिंगच्या पानावर पोर्टनिहाय आकडे पाहिले तर प्रत्येक पोर्टवरून बाहेर जाणारी मल्टिकास्ट पाकिटं सारख्याच वेगाने वाढत होती. लॅपटॉप एका रिकाम्या पोर्टला लावून हे चालवलं :

```
sudo tcpdump -ni eth0 -c 20 dst net 239.0.0.0/8
```

मी काहीही मागितलेलं नसताना वीस पाकिटं डोळ्याची पापणी लवायच्या आत आली. हिशेब सोपा आहे. एका पाकिटात १,३१६ बाइटचा व्हिडिओ बसतो, म्हणजे ८ एमबीपीएसला सेकंदाला साधारण ७६० पाकिटं. दोन चॅनेलची दीड हजार.

याचं कारण स्विचच्या मूळ स्वभावात आहे. कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर, हे तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकतो. गटाच्या पत्त्यावरून मात्र कुणीच कधी काही पाठवत नाही, तो पत्ता फक्त घेणाऱ्याच्या जागी येतो. त्यामुळे तो शिकताच येत नाही, आणि माहीत नसलेलं पाकीट स्विच सगळ्या पोर्टवर सोडतो. प्रिंट सर्व्हरचं पोर्ट जुनं, १० एमबीपीएसचं. त्यावर १६ ओतले तर बिलाला वाट कुठून मिळणार? पीसीला गिगाबिट आहे, त्याला काही कळलंही नाही. वायफायचं दुखणं याहून वाईट. हवेतून मल्टिकास्ट जातं ते सगळ्यात हळू चालणाऱ्या मोबाइललाही झेपेल अशा किमान वेगाने. २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग बऱ्याचदा १ एमबीपीएस असतो, आणि त्यातून १६ घालवायचे म्हणजे झालंच.

एक सांगून ठेवतो. टीव्हीचं चित्र उत्तम दिसतंय म्हणून काम झालं असं या प्रकारात समजायचं नाही. पूर आलेला असताना चित्र सगळ्यात छान दिसतं, कारण प्रत्येकाला सगळंच मिळत असतं.

५ जानेवारी

यावर औषध स्विचमध्येच आहे : आयजीएमपी स्नूपिंग. बॉक्सला चॅनेल हवं झालं की तो जाळ्यावर "मला हा गट पाहिजे" अशी आयजीएमपीची चिठ्ठी टाकतो. ही चिठ्ठी खरं तर राउटरसाठी असते. स्नूपिंग चालू केलेला स्विच ती मधल्यामध्ये वाचतो आणि टिपून ठेवतो की सात नंबरच्या पोर्टला हा गट द्यायचा. ज्याची चिठ्ठी नाही त्याला पाकीट नाही.

स्विचच्या पानावर `IGMP Snooping` ला `Enable` केलं. दिवे शांत झाले, बिल छापलं गेलं, वायफाय आलं. लॅपटॉपवर `tcpdump` गप्प. सामान आवरायला घेतलं तोच जेवणघरातून आवाज, "दादा, टीव्ही थिजला!"

मग जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण हे लक्षण ओळखता आलं नाही तर माणूस केबल बदलत बसतो. माझी दुपार खरोखर केबल आणि बॉक्स अदलाबदल करण्यात गेली. शेवटी सगळं बंद करून तीनच टीव्ही वेळ लिहून चालू केले. तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. पण समजायला सोपं जावं म्हणून चारपासून मोजतो. व्हरांडा ४:०० ला, जेवणघर ४:०२ ला, पार्किंग ४:०३ ला.

४:०४ नंतर वीस सेकंदांनी व्हरांडा थिजला. ४:०६ नंतर वीस सेकंदांनी जेवणघर. आता ४:०७:२० ला पार्किंगची पाळी म्हणून तिकडे बघत उभा राहिलो. पार्किंग थिजला नाहीच. उलट त्या क्षणाला तिन्ही टीव्ही चालू झाले आणि रॅकमधले सगळे दिवे पुन्हा फडफडायला लागले.

आमचा पोरगा म्हणाला, "आपोआप दुरुस्त झालं की हो." दुरुस्त काही झालं नव्हतं, पूर परत आला होता.

६ जानेवारी

चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद. हा आकडा आयजीएमपीच्या नियमातूनच येतो. जाळ्यावर कुणीतरी एकजण ठरावीक वेळाने सगळ्यांना विचारतो, "कुणाला कुठला गट अजून हवाय?" या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, बॉक्सना उत्तराला १० सेकंद असतात आणि एखादा प्रश्न वाटेत हरवला तरी चालावं म्हणून दोन फेऱ्यांची सवलत धरतात. १२५ दुणे २५० आणि वर १०. एवढ्या वेळात उत्तर आलं नाही तर स्विच समजतो की त्या पोर्टवरचा बघणारा उठून गेला, आणि नोंद पुसतो.

बॉक्स आपणहून चिठ्ठी टाकतो ती फक्त चॅनेल लावताना. पुढे कुणी विचारलं तरच बोलतो. पंगतीत वाढपी फिरलाच नाही आणि थोड्या वेळाने "हा काही मागत नाही" म्हणून पान उचललं, तसा हा प्रकार. मोठ्या जाळ्यात विचारण्याचं काम मल्टिकास्ट राउटर करतो. आमच्याकडे इंटरनेटवाल्याने दिलेला घरगुती राउटर आहे, त्याला आतल्या जाळ्यावर हे विचारणं ठाऊकच नाही. म्हणजे स्नूपिंग ऐकायला बसलंय आणि विचारणारा कुणीच नाही.

आता कालचा तमाशा उलगडतो. प्रत्येक पोर्टचं घड्याळ वेगळं, म्हणून ज्या क्रमाने टीव्ही लावले त्याच क्रमाने थिजले. पार्किंगची शेवटची नोंद पुसली गेल्यावर त्या गटाचं नावच स्विचच्या वहीतून गेलं. मग तो गट पुन्हा अनोळखी झाला, आणि अनोळखी मल्टिकास्टचं काय करायचं ही वेगळी सेटिंग आहे. आमच्या स्विचवर ती कारखान्यातूनच `Unknown Multicast: Flood` अशी आली होती. म्हणून तिघांनाही चित्र परत मिळालं, आणि प्रिंट सर्व्हर परत बुडाला.

हीच सेटिंग `Drop` करून पाहिली. या वेळी तिन्ही टीव्ही थिजले आणि थिजलेलेच राहिले. दुखणं एकच, पण दोन स्विचवर दोन उलट लक्षणं दाखवतं : एकीकडे थोड्या वेळाने पूर परत येतो, दुसरीकडे चित्र कायमचं जातं. चॅनेल बदलून परत लावलं की बॉक्स नवी चिठ्ठी टाकतो आणि आणखी २६० सेकंद मिळतात. रिमोट घेऊन फिरणारा माणूस ठेवला तर ही चूक वर्षभर लपून राहील.

क्वेरियर आहे की नाही हे बघायला लॅपटॉप कुठल्याही पोर्टला लावा आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबा :

```
sudo tcpdump -ni eth0 igmp
```

प्रश्न `224.0.0.1` वर जातो आणि तो स्नूपिंग असतानाही सगळ्या पोर्टवर पोचतो, त्यामुळे जागा कुठलीही चालते. बॉक्सची उत्तरं मात्र लॅपटॉपला दिसतीलच असं नाही. स्नूपिंगवाला स्विच ती विचारणाऱ्याच्या दिशेनेच पाठवतो. मी पाच मिनिटं बसलो, एकही प्रश्न नाही.

क्वेरियर व्हायची सोय स्विचमध्ये होती, वेगळ्या पानावर आणि बंद. चालू केली. स्विचला `192.168.10.2` हा पत्ता आधी देऊन घेतला, कारण पत्ता नसलेला स्विच `0.0.0.0` वरून विचारतो आणि असा प्रश्न काही उपकरणं मनावर घेत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती २ ठेवली. आमच्या बॉक्सना तिसरी येते, पण दुसऱ्या आवृत्तीचा प्रश्न ऐकला की तेही दुसरीत उत्तर देतात आणि जुन्या स्विचला तीच नीट वाचता येते.

```
IP 192.168.10.2 > 224.0.0.1: igmp query v2
```

ही ओळ दर १२५ सेकंदांनी दिसायला लागली. टीव्ही चालू ठेवून जेवायला गेलो, तांबडा-पांढरा ओरपून दोन तासांनी आलो तरी नऊपैकी सात टीव्ही चालूच होते. गच्चीचे दोन्ही मुद्दाम बंद ठेवले होते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. खर्च शून्य, फुकट गेलेला वेळ दीड दिवस.

९ जानेवारी

मालकांना तिसरं चॅनेल हवं झालं : वधूवरांची नावं, मुहूर्त, जेवणाच्या पंगतीची वेळ अशी पाटी. त्यांच्या भाच्याने एक वापरलेला एन्कोडर आणून स्वतःच लावून टाकला. चालूही झाला. पण प्रिंट सर्व्हर परत मेला, आणि या वेळी स्विचचं सेटिंगचं पानसुद्धा रखडत उघडत होतं.

स्नूपिंग चालू, क्वेरियर चालू, `Drop` कायम. `tcpdump` लावलं तर जुने दोन चॅनेल नाहीत, फक्त तिसरं सगळ्या पोर्टवर. त्याचा पत्ता पाहिला : `239.0.0.1`. दिसायला सरळ, पण नेमका हाच पत्ता नको.

आयपीच्या गटाचा पत्ता स्विचच्या पातळीवर मॅक पत्त्यात उतरवतात तेव्हा पुढे ठरलेलं `01:00:5e` येतं आणि आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट मागे जोडले जातात. वरचे पाच बिट गळून पडतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या गटांचा मॅक पत्ता एकच होतो. आमच्या बाबतीत असं झालं :

```
239.0.0.1   ->  01:00:5e:00:00:01
224.0.0.1   ->  01:00:5e:00:00:01
239.10.1.1  ->  01:00:5e:0a:01:01
```

`224.0.0` ने सुरू होणारे पत्ते जाळ्याच्या स्वतःच्या कारभाराचे. ते सगळ्या पोर्टवर गेलेच पाहिजेत, स्नूपिंग त्यांना अडवत नाही. आमचा स्विच मॅक पत्ता बघून निर्णय घेतो. त्याला पाटीचा व्हिडिओ आणि क्वेरियरचा प्रश्न यांत फरक कळेना, त्याने दोन्ही सगळीकडे सोडले. त्यात `224.0.0.1` म्हणजे 'जाळ्यावरचे सगळे'. नेहमी नको असलेलं मल्टिकास्ट नेटवर्क कार्डच बाहेरच्या बाहेर टाकून देतं, पण हा मॅक पत्ता प्रत्येक कार्ड आपला समजून आत घेतं. सेकंदाला ७६० पाकिटं प्रिंट सर्व्हरच्या इवल्याशा प्रोसेसरपर्यंत पोचत होती आणि तिथे फेकली जात होती. म्हणून ८ एमबीपीएस १० च्या पोर्टवर मावत असूनही तो मेला. स्विचचं पान रखडण्यामागेही मला हेच दिसतं.

पत्ता `239.10.1.3` केला, मिनिटात शांतता. दुसरा आकडा १२८ ठेवून `239.128.0.1` घेतला असता तरी हीच गत झाली असती, कारण गळणाऱ्या पाच बिटांत तो वरचा बिटही जातो. आता एन्कोडरवर चिकटपट्टी लावून पत्ता लिहून ठेवलाय आणि भाच्याला प्रेमाने समज दिली आहे.

११ जानेवारी

गच्ची. साध्या स्विचला स्नूपिंग कळत नाही. खालून त्याच्याकडे जे येईल ते तो आपल्या सगळ्या पोर्टवर सोडणार. म्हणजे गच्चीचा एक जरी टीव्ही चालू असला तरी ते चॅनेल तिथल्या वायफायमध्ये शिरणार. झालंही तसंच, गच्चीवर मोबाइलला इंटरनेट नाही.

तिथे आणखी एक गंमत सापडली. चॅनेल पटापट बदलावं म्हणून मी मुख्य स्विचवर `Fast Leave` चालू केलं होतं. बॉक्सने "आता नको" अशी चिठ्ठी टाकली की त्याच क्षणी पोर्ट बंद. एका पोर्टवर एकच टीव्ही असेल तर उत्तम. पण गच्चीच्या पोर्टमागे दोन आहेत. एकाने स्टेज सोडून पाटी लावली की दुसऱ्याचं स्टेजही जायचं, आणि क्वेरियरचा पुढचा प्रश्न येईपर्यंत, म्हणजे कधी कधी दोन मिनिटं, परत यायचं नाही. `Fast Leave` नसेल तर स्विच आधी विचारून घेतो, "या गटाचं आणखी कुणी आहे का तिकडे?" आणि साधारण दोन सेकंद वाट बघतो. दुसरा बॉक्स उत्तर देतो आणि वाचतो. त्या पोर्टवरचं `Fast Leave` काढलं, प्रश्न मिटला.

वायफायसाठी मात्र साधा स्विच बदलणं भाग होतं. लक्ष्मीपुरीतून आठ पोर्टचा स्नूपिंगवाला स्विच आणला, ₹३,२००. मालकांनी जरा कुरकुर केली, "पाचशेचा काढून तीन हजाराचा? पोर्ट तर तीनच लागत्यात." गच्चीवर उभं करून मोबाइलवर फरक दाखवला, मग गप्प.

नवा स्विच लावताना एक बघायचं. दोन स्विचवर क्वेरियर चालू असेल तर ज्याचा आयपी लहान तो विचारतो, दुसरा गप्प राहतो. मुख्य स्विच `.2`, म्हणून गच्चीच्या स्विचला `.3` दिला. उलटं झालं असतं तर मुख्य स्विचला गच्चीच्या केबलवरून प्रश्न आले असते. जिकडून प्रश्न येतात तिकडे राउटर आहे असं स्विच मानतो आणि कुणी मागितलं नसलं तरी सगळे गट तिकडे ढकलतो. तिन्ही चॅनेल, २४ एमबीपीएस, विनाकारण गच्चीवर. क्वेरियर एन्कोडरच्या स्विचवरच असलेला बरा.

आता गच्चीचा एक टीव्ही चालू असताना वायफायच्या पोर्टवर व्हिडिओचं एकही पाकीट जात नाही. मोबाइलवरच स्टेज बघायचं कुणी म्हणालं तर ते या मार्गाने द्यायचं नाही असं मालकांना आधीच सांगितलंय. एकाने चॅनेल मागितलं की त्या वायफायच्या डबड्याकडे प्रवाह सुरू होतो आणि हवेत तोच किमान वेग. काही डबडी मल्टिकास्टचं प्रत्येक मोबाइलसाठी वेगळं पाकीट करून देतात, आमच्याकडची देत नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन शेवटची चाचणी : लाईट जाणे. टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर आहेत, रॅक नव्हता. मुख्य स्विचची वायर काढून परत लावली. स्विच चालू झाला तेव्हा त्याची वही कोरी होती, `Drop` असल्यामुळे कुणालाच काही नाही, आणि बॉक्सना वाटत होतं की आपण चिठ्ठी तर मागेच दिली आहे. नऊ काळे पडदे. स्विचचा पहिला प्रश्न गेला तसे एकेक करून दहा सेकंदांत सगळे आले, कारण उत्तर द्यायला प्रत्येक बॉक्स त्या दहा सेकंदांतला आपला क्षण निवडतो. स्विच उठायला लागलेला वेळ धरून सगळं मिळून दीड-दोन मिनिटं गेली.

दोन मिनिटं एरवी चालतील, पण मंगलाष्टकं चालू असताना नाही चालणार. रॅकला ₹२,८०० चा छोटा यूपीएस लावला. पुढच्या माणसासाठी मुख्य स्विचची सेटिंग रॅकच्या दारावर आतून चिकटवली आहे :

```
IGMP Snooping      : Enable, v2
Querier            : Enable, 192.168.10.2
Query Interval     : 125
Unknown Multicast  : Drop
Fast Leave         : port 19 (terrace) Off
Groups             : 239.10.1.1 - 239.10.1.3
```

सेटिंग बदलल्यावर `Save` वेगळं दाबावं लागतं. नाहीतर लाईट गेल्यावर स्विच जुन्या सेटिंगवर उठतो, म्हणजे परत क्वेरियरशिवाय.